अहो, अरे आणि आखाडातला वाढदिवस

ठरवून झालेल्या लग्नात नवऱ्याची जन्मतारीख बायकोला फार लवकर कळते, कधी कधी त्याचा आवाज ऐकण्याच्याही आधी. स्थळाच्या बायोडेटावर नावाखाली जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ असते, त्याखाली रास, नक्षत्र, गण, नाडी. पत्रिका जुळवायची असेल तर वेळ मिनिटापर्यंत लागते. त्यामुळे हा माणूस सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जन्मला हे तिला माहीत असते; तो चहात साखर किती घेतो, चिडला की बोलतो की गप्प बसतो, हे मात्र लग्नानंतर कळत जाते. लग्नाला महिना-दोन महिने झाले असताना त्याचा वाढदिवस येतो आणि तिला त्याला चार ओळी लिहायच्या असतात, तेव्हा सगळी अडचण याच विषमतेतून निघते. माहिती भरपूर, ओळख थोडी. लिहिण्याची इच्छा खरी असते, पण कुठल्या शब्दांवर आपला हक्क झाला आहे, हे ठरत नाही.

मराठीत ही अडचण पहिल्याच शब्दाला समोर येते, कारण समोरच्याला संबोधल्याशिवाय संदेश सुरू होत नाही आणि संबोधनातच नात्याचे माप दिसते. ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न एका सर्वनामापुरता राहत नाही. ते गाळले तरी क्रियापद बोलतेच: ‘आलास’ की ‘आलात’, ‘दिलीस’ की ‘दिलीत’, ‘बस’ की ‘बसा’. शेवटचा एक ‘स’ किंवा ‘त’ सगळे सांगून टाकतो. जुनी रीत सरळ होती: नवरा बायकोला ‘अगं’ म्हणणार, बायको नवऱ्याला ‘अहो’, आणि चारचौघांत त्याचा उल्लेख ‘हे’ किंवा ‘आमच्याकडे’ एवढ्यावर भागणार. गावाकडे ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ हे शब्दही त्याच कामाचे. नाव घ्यायचे नाही, म्हणून उखाणा. उखाण्यात नाव घेतलेले चालत असे, कारण तिथे घ्यायला लावणारे दुसरे असत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवऱ्याचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा केला आहे, आणि आजही तो वाचताना जरा थबकायला होते.

आज साखरपुडा आणि लग्न यांच्यात काही महिने असले तर फोनवर बोलता बोलता ‘अहो’चे ‘अरे’ होऊन जाते. पण सासरी आल्यावर पुष्कळ मुली पुन्हा ‘अहो’वर येतात, निदान सासू-सासऱ्यांपुढे. मग एकाच माणसाशी दोन व्याकरणे चालतात: खोलीत ‘ऐक ना’, स्वयंपाकघरात ‘ऐकलंत का’. काही घरांत खोलीतही ‘अहो’च राहते आणि त्यात काही कमी नसते, ‘अहो’मध्ये लाडही येतो, फक्त तो चालीत येतो, शब्दात नाही. लेखी संदेशात चाल ऐकू येत नाही, आणि इथे घोटाळा होतो. बोलताना जे ‘अहो’ ओलसर वाटते ते पडद्यावर कार्यालयातल्या वरिष्ठाला लिहिल्यासारखे दिसते. उलट, तोंडाने अजून ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मुलीने वाढदिवसापुरते ‘तू’ लिहिले, तर ते तिच्याच हाताला परके वाटते आणि वाचणाऱ्यालाही ते कुठून तरी उचललेले वाटते. संदेश ही सर्वनाम बदलण्याची जागा नव्हे. एकांतात जे तोंडी बसले आहे तेच लिहावे, एवढा नियम पुरतो.

या अडचणीवर मराठीने एक पळवाट दिलेली आहे आणि नव्या सुना ती न शिकवता वापरतात. सर्वनामाशिवायची वाक्ये. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ या दोन शब्दांत ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. ‘आठवण आली’, ‘आवडलं’, ‘छान वाटलं’, ‘करमत नाही’ ही वाक्येही तशीच. भावना अनुभवणारी व्यक्ती त्यांत कर्ता म्हणून उभी राहत नाही, आणि समोरच्याचा उल्लेख केल्यावाचून त्याच्याबद्दलच बोलता येते. चार-पाच वाक्ये असे तोल सांभाळत जाता येते. आज्ञार्थ आला की मात्र पळवाट संपते. ‘फोन कर’ की ‘फोन करा’, हे ठरवावेच लागते.

दुसरी अडचण मोठ्या शब्दांची. तयार शुभेच्छापत्रांत आणि फिरत्या चित्रसंदेशांत जी भाषा असते ती दोन ठिकाणांहून आलेली असते. एक भाग इंग्रजीवरून उतरलेला: ‘माझ्या आयुष्यात आल्याबद्दल धन्यवाद’, ‘जगातील सर्वोत्तम नवऱ्याला’. घरच्या माणसाचे आभार मानले की मराठी कानाला दुरावा जाणवतो; आपल्या माणसाचे आभार कसले मानायचे, असे लोक म्हणतात ते उगाच नाही. सर्वोत्तम म्हणायला तर तुलना लागते, आणि दीड महिन्याच्या संसारात ती कुणाशी करायची? दुसरा भाग व्रतवैकल्यांतून आलेला: जन्मोजन्मी, सात जन्म, सौभाग्य. वैशाखात लग्न झालेल्या मुलीची पहिली वटपौर्णिमा ज्येष्ठात येते आणि आषाढातल्या वाढदिवसाला ती भाषा अजून ताजी असते. व्रतात ती शोभते, कारण तिथे ती सगळ्या बायकांची मिळून आहे. एका माणसाला, सकाळी, फोनवर लिहिताना ती त्याच्या अंगाला बसत नाही.

‘उदंड आयुष्य लाभो’, ‘यश मिळो’, ‘सर्व इच्छा पूर्ण होवोत’ या वाक्यांतही एक बारीक खोच आहे. ‘लाभो’, ‘होवो’ हे आशीर्वादाचे रूप आहे आणि आशीर्वाद रीतीप्रमाणे वरून खाली येतो, वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे. जुन्या पत्रांच्या मायन्यात हे फार काटेकोरपणे पाळले जाई, मोठ्यांना ‘सा. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘अनेक आशीर्वाद’. बायकोने नवऱ्याला असे वाक्य लिहिणे चूक नाही, सगळेच लिहितात. पण तीन-चार ओळी सलग ‘ओ’कारान्त झाल्या की संदेश बायकोचा न वाटता आत्याबाईंचा वाटू लागतो. असे एखादे वाक्य पुष्कळ.

उदाहरणादाखल एक प्रसंग नीट उलगडून पाहता येईल. मुलीचे माहेर वाईचे, सासर पुण्याचे. लग्न मे महिन्याच्या मध्यावर, वैशाखात. हे वेळापत्रक ओळखीचे आहे: आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात, म्हणून उन्हाळ्यात लग्ने उरकली जातात. नवऱ्याचा वाढदिवस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आषाढात. आणि आषाढात, बोलीत आखाडात, नव्या सुनेला माहेरी धाडण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरांत आहे. या महिन्यात सासू-सुनेने एकमेकींचे तोंड पाहू नये, असे कारण सांगतात. शेतीच्या ऐन कामाच्या दिवसांत नव्या मुलीला विसावा मिळावा, हा त्यातला व्यवहार असेल. नोकरी करणाऱ्या मुली आता चार दिवस जाऊन रीत पाळतात. तर ही मुलगी त्या चार दिवसांसाठी वाईला आहे, नवरा पुण्यात आहे, आणि संदेश फोनवरच जाणार आहे. लग्नाला आठ आठवडे झालेत. घरात ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते, तो तिला ‘तू’.

तिचा पहिला मसुदा असा होतो:

‘माझ्या प्रिय पतिदेवांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तुम्ही माझ्या आयुष्यात आलात आणि माझे आयुष्य बदलून गेले. तुमच्यासारखा जीवनसाथी मिळणे हे माझे भाग्य. तुमच्या सर्व इच्छा पूर्ण होवोत. जन्मोजन्मी हीच साथ लाभो.’

यात खोटे काही नाही. आयुष्य खरेच बदलले आहे: घर, आडनाव, झोपेची वेळ, सगळेच. तरीही वाचणाऱ्याला काही पोचत नाही, आणि का ते एका साध्या चाचणीने कळते. हा संदेश त्याच आठवड्यात वाढदिवस असलेल्या दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याला पाठवला तर एक अक्षर बदलावे लागणार नाही. त्यात त्याचे काहीच नाही. ‘पतिदेव’ हा शब्द तर ती एरवी कधी उच्चारतही नाही. तो थट्टेत वापरतात किंवा पत्रिकेवर छापतात.

आता आठ आठवड्यांत तिने खरोखर पाहिलेल्या गोष्टी घेऊ. मुलगी पाहायला आले होते तेव्हा त्याने पोह्यांतले शेंगदाणे बशीच्या कडेला सारून ठेवले होते. तिला वाटले, आवडत नसावेत. लग्नानंतर कळले की आवडतात, म्हणून शेवटी खायला ठेवतो. त्याचा चहा कमी साखरेचा, पण बिनसाखरेचा नाही. हे प्रमाण जमायला तिला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांत त्याने कपावरून कधी काही म्हटले नाही. एवढे साहित्य पुरेसे आहे. तिचा दुसरा मसुदा, वाढदिवसाच्या सकाळी पाठवलेला:

‘वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! पत्रिकेत जन्मवेळ सहा चाळीस लिहिलीय, म्हणून मुद्दाम आत्ताच पाठवतेय. चहात साखर किती ते पत्रिकेत नव्हतं, ते शिकायला पंधरा दिवस गेले. काल आईनं पोहे केले होते. शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खाऊन बघितले. खरंच छान लागतात. इथं सगळे आहेत, तरी दुपारनंतर करमत नाही. आज उचकी लागली तर पाणी पिऊ नका, मीच असेन. संध्याकाळी आई ओवाळतील तेव्हा फोन लावा, मलाही बघायचंय.’

यातले पहिले सहा-सात वाक्यांचे अंतर सर्वनामाशिवाय कापले गेले आहे, आणि ‘पिऊ नका’ येईपर्यंत ते जाणवत नाही. तिथे तिचे रोजचे ‘तुम्ही’ आपसूक आले. ती त्याला ‘अरे’ म्हणणारी असती तर तिथे ‘पिऊ नकोस’ आणि शेवटी ‘फोन लाव’ झाले असते. बाकी संदेश जसाच्या तसा राहिला असता.

प्रेम हा शब्द कुठेही नाही. त्याचे काम ‘करमत नाही’ने केले आहे. मराठीत विरह सांगायला याहून हलका आणि याहून खरा शब्द सापडणे कठीण. ‘तुमच्याशिवाय जगू शकत नाही’ हे आठ आठवड्यांत म्हटले तर ऐकणारा मनात हसेल, कारण अठ्ठावीस वर्षे ती जगली आहे. ‘करमत नाही’ एवढेच सांगते की वेळ जात नाही, आणि ‘इथं सगळे आहेत, तरी’ या चार शब्दांनी त्याचे वजन वाढते: माहेरी, आईजवळ असूनही. नव्या लग्नात याहून मोठी कबुली क्वचित दिली जाते. उचकीचेही तसेच. कुणीतरी आठवण काढली की उचकी लागते, ही समजूत प्रत्येक मराठी घरात आहे, आणि तिच्यामुळे ‘मी दिवसभर आठवण काढणार आहे’ हे वाक्य न लिहिता लिहून होते.

संदेशात ‘आई’ दोनदा आली आहे आणि दोन वेगळ्या बायका आहेत. ‘आईनं पोहे केले’ ही तिची आई. ‘आई ओवाळतील’ ही त्याची. बहुतेक घरांत मुलगी स्वतःच्या आईला एकेरी आणि सासूला आदरार्थी बोलते, म्हणून क्रियापदावरूनच कोण ते कळते. तिथे ‘तुमची आई’ लिहिले असते तर अर्थ बदलला नसता, पण एक भिंत उभी राहिली असती. नवरा हे वाक्य दुसऱ्यांदा वाचणार नाही. पण ‘तुमची’ नसणे त्याला पहिल्या वाचनातच जाणवते, बहुधा नेमके काय जाणवले ते न कळता.

चहाचे वाक्य जरा धोक्याचे होते. तेच थोडे निराळे लिहिले असते, ‘पंधरा दिवस चहा बिघडला तरी बोलला नाहीत’, तर त्यात कौतुक आहे की तक्रार हे ठरवता आले नसते. बोललेल्या थट्टेला चेहरा असतो, लिहिलेल्या थट्टेला नसतो. म्हणून पहिल्या संदेशात चेष्टा करायची तर ती त्याने स्वतःवर आधीच केलेली असावी, किंवा लिहिणारीने स्वतःवर करावी. इथे चहा शिकणारी ती आहे, म्हणून वाक्य निभावते. घोरणे, पोट, विरळ होणारे केस हे विषय दुसऱ्या-तिसऱ्या वाढदिवसाला ठेवलेले बरे. आणखी एक वाक्य सहज हातून जाते: ‘नेहमी असेच राहा’. शुभेच्छेच्या वेषात ती अट असते. माणूस कसा आहे ते कळून पुरते दोन महिने झाले नाहीत आणि त्याने बदलू नये म्हणायचे, हे घाईचे.

वेळेच्या बाबतीत दोन गोष्टी आधी पाहून ठेवाव्या लागतात. एक म्हणजे घरात वाढदिवस तारखेने होतो की तिथीने. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, म्हणून तिथी तारखेच्या मानाने दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना पडला की पुढे ढकलली जाते. दोन्ही पुन्हा जवळपास एकत्र यायला एकोणीस वर्षे लागतात. तिथीने औक्षण करणाऱ्या घरात पाट-रांगोळी एका दिवशी आणि मित्रांचे फोन दुसऱ्या दिवशी असा प्रकार होतो. नव्या सुनेने सासूला आधीच विचारलेले चांगले, नाहीतर औक्षणाच्या दिवशी तिचा फोन गप्प राहतो आणि त्याचा भलता अर्थ निघतो. दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. रात्री बाराला शुभेच्छा द्यायची पद्धत आता रुळली आहे. पंचांगाचा दिवस मात्र सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे पहाटे दोनला जन्मलेल्याचा वार पंचांगाप्रमाणे आदल्या दिवसाचा धरतात. याने वाढदिवस चुकत नाही, पण जन्मवेळ वापरायची असेल तर हे ठाऊक असावे. बाराला आलेल्या दहा-पंधरा संदेशांत बायकोचाही एक होतो. सहा चाळीसला आलेला एकटाच असतो, आणि ती वेळ मित्रांना माहीत नसते.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावरचा संदेश हे वेगळेच प्रकरण. तिथे नवरा हा एकच वाचक नसतो. सासरे, नणंद, चुलतसासरे, कधी तिचे स्वतःचे आई-वडीलही असतात, आणि नव्या सुनेने काय लिहिले ते प्रत्येक जण उघडून पाहतो. पूर्वी नव्या सुनेचे पोस्टकार्ड घरात पोचेपर्यंत पोस्टमनपासून दिरापर्यंत सगळ्यांनी वाचलेले असे, तशीच ही गत. तिथे ‘अहो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि एक फोटो एवढे बस होते. मोठ्यांचे आशीर्वाद आधी येऊ द्यावेत. उखाणा सुचत असेल तर त्याची जागाही इथेच, कारण उखाण्याला ऐकणारी मंडळी लागतात; एकट्या नवऱ्याला पाठवलेला उखाणा म्हणजे रिकाम्या मांडवात नाव घेणे. शेंगदाण्यांचे वाक्य मात्र समूहावर गेले तर त्यातले सगळे नाहीसे होते. तेच घरभर थट्टेचा विषय होईल आणि तो पुढच्या वेळी पोहे खाताना अवघडेल.

उत्तराबद्दलही गैरसमज होतात. पुष्कळ नवरे अशा संदेशाला ‘थँक्यू’ आणि एक हसरा चेहरा एवढेच पाठवतात, आणि मुलगी दुपारपर्यंत फोनकडे पाहत राहते. लांबीवरून काही ठरत नाही. तिने त्याला न सांगता पाहिलेले काहीतरी समोर आल्यावर माणूस आधी जरा गोंधळतो. आपल्याला कुणी इतके निरखत होते हे पचायला वेळ लागतो. संदेश पोचला की नाही हे कळते ते त्यातला एखादा तपशील परत आल्यावर, त्याच दिवशी किंवा आठ दिवसांनी. वरच्या उदाहरणात दुपारी दीडला त्याचे उत्तर येऊ शकते: ‘मीटिंगमध्ये उचकी लागली. पाणी प्यायलो नाही.’ आणि श्रावणात ती पुण्याला परतल्यावर, एखाद्या रविवारी पोह्यांची बशी पुढे आली की दोघांच्याही बशांच्या कडेला शेंगदाणे साठलेले असतात.